डोंगर, घर, झाडं, आकाश... पण मूड कुठाय?

प्रवासातला एखादा फोटो चित्र बघू शकणाऱ्या एआय मॉडेलला द्यायचा आणि म्हणायचं, "या फोटोचं वर्णन कर." उत्तर येतं: डोंगर आहेत, झाडं आहेत, पायवाट आहे, आकाश ढगाळ आहे. यादी बरोबर असते आणि तिचा काडीचा उपयोग नसतो, कारण डोंगर आपल्यालाही दिसतायत. मग आपण वैतागून म्हणतो, "वस्तू नकोत, मूड सांग." आता येतं: "हे दृश्य मनाला शांतता देणारे असून निसर्गाच्या सौंदर्याची अनुभूती देते." हे यादीपेक्षा वाईट. यादी निदान याच फोटोची होती, हे वाक्य कुठल्याही फोटोखाली चिकटतं.

दोन्ही वेळा चूक एकच होते. मूड हे शेवटचं उत्तर आहे आणि आपण ते पहिल्याच प्रश्नात मागतो. उजेड कुठून येतोय, रंग कुठे बदलतोय, रिकामी जागा किती आहे, माणूस आहे का आणि असला तर केवढा, यांतून मूड तयार होतो. हे आधी काढून घ्यायचं, मूड नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि क्रम मोडला तर पुढचं सगळं बिघडतं.

सगळीकडे एकच फोटो उदाहरणाला घेतोय, माझाच. संध्याकाळ संपत आलेली, खोऱ्यात बर्फ. जवळजवळ सगळा फोटो निळसर करडा. उजवीकडे, मध्याच्या जरा वर एक लहानसं घर आणि त्याच्या एकाच खिडकीत पिवळा दिवा. खालच्या कडेपासून एक पायवाट निघते आणि घर गाठायच्या आधीच एका उंचवट्यामागे नाहीशी होते. माणूस एकही नाही.

## टप्पा १: फोटोतच मूड आहे का ते बघा

मॉडेलला साधारणपणे फक्त चित्र दिसतं. तुम्ही तिथे किती वेळ थांबला होतात, बोटं किती गारठली होती, हे त्याला कळायचा मार्ग नाही. जे तुम्हाला आठवतं पण फोटोत उतरलेलं नाही, ते मॉडेल सांगू शकत नाही. सांगितलंच तर ते रचलेलं असतं.

म्हणून आधी रंग तपासा. संधिप्रकाशात फोनचा किंवा कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स निळेपणा कमी करून दृश्य तटस्थ करू बघतो. माझ्या फोटोचं अगदी हेच झालं होतं. फोनने काढलेल्या प्रतीत बर्फ पांढरा धोप आणि सावल्या उजळलेल्या, जणू ढगाळ दुपार. ती प्रत दिल्यावर उत्तरात "प्रसन्न" हा शब्द आला आणि खरं सांगायचं तर मॉडेलचं चुकलं नव्हतं, त्या प्रतीत प्रसन्नच दिसत होतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर व्हाइट बॅलन्स डेलाइटला, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास, आणल्यावर निळा परत आला आणि खिडकीचा पिवळा त्यातून उठून दिसायला लागला.

एचडीआरचंही तसंच. सावल्या उपसून वर काढल्या की अंधारात काय दडलंय हा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी मॉडेलला दोष देण्याआधी एडिटिंगकडे बघा.

आकाराचं फार डोक्याला लावून घेऊ नका. बहुतेक मॉडेलं मोठा फोटो आत घेताना लहान करतातच. लांब बाजू १५०० ते २००० पिक्सेल असली की पुरते. मात्र मूड ज्या बारीक गोष्टीवर टेकलाय ती, इथे ती खिडकी, लहान केलेल्या फोटोतही नीट दिसते ना, ते स्वतः बघून घ्या.

सावधान: स्क्रीनशॉट देऊ नका. वरचं घड्याळ, बाजूची बटणं, कोपऱ्यातला तारखेचा शिक्का हे सगळं मॉडेल वाचतं. फोटोवर ठिकाणाचं नाव छापलेलं असेल तर क्रॉप करा. प्रसिद्ध जागेचं नाव दिसलं की मॉडेल फोटोकडे बघायचं सोडतं आणि त्या जागेबद्दल जे सगळीकडे लिहिलं जातं तेच लिहू लागतं.

## टप्पा २: तुमचं एक वाक्य लिहा आणि झाकून ठेवा

हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग मॉडेलचं पहिलं बऱ्यापैकी वाक्य वाचून "हो हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणतात. तसं म्हणायचं नव्हतं. ते वाक्य आधी आलं म्हणून पटलं.

फोटो बघून एक ओळ लिहा. बोली भाषेत, वाकडीतिकडी चालेल. माझी होती: "घर दिसतंय पण पोचायला अंधार होणार." एवढंच. ही ओळ मॉडेलला अजिबात सांगायची नाही. "या फोटोतला एकाकीपणा टिपून दे" असं म्हणालात तर मॉडेल लगेच एकाकीपणा टिपून देतं. "या फोटोतला उत्साह" म्हणालात तर उत्साहही सापडतो, त्याच बर्फात आणि त्याच खिडकीत. समोरच्याच्या हो ला हो करायची ही खोड बहुतेक मॉडेलांत आहे. आपली ओळ शेवटी ताडून बघायला लागते, तोवर ती वहीत.

## टप्पा ३: आधी पुरावा मागा, मूड नाही

"वर्णन कर" हे दोन शब्द प्रॉम्प्टमधून काढून टाका. यादी तेच ओढून आणतात. चित्र बघून लिहायला मॉडेल शिकतं ते फोटो आणि त्याखालची ओळ अशा असंख्य जोड्यांवरून. त्यातल्या कोको नावाच्या गाजलेल्या संग्रहासाठी ओळी लिहिणाऱ्यांना सूचनाच दिलेली होती: दृश्यातले सगळे महत्त्वाचे भाग सांगा, आधी काय घडलं असेल किंवा पुढे काय घडेल ते लिहू नका. अशा ओळींवर वाढलेल्याला "वर्णन" म्हटल्यावर काय आठवणार? त्यात मराठीत "वर्णन करा" म्हटलं की शाळेतल्या निबंधाचा सूर लागतो, तो वेगळाच.

मराठीचा आणखी एक खड्डा आहे. "वातावरण सांग" असं विचारलं की बऱ्याचदा हवामान मिळतं: थंड, ढगाळ, पावसाची शक्यता. वातावरण शब्दाचे दोन्ही अर्थ आपण रोज वापरतो, त्यामुळे मॉडेलला पूर्ण दोष देता येत नाही. सरळ "मूड" लिहा. पण तोही पुढच्या टप्प्यात. आत्ता फक्त हे:

> या फोटोतल्या वस्तूंची यादी नको. चार प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरं दे.
> १. उजेड कुठून येतोय आणि सावल्यांच्या कडा तीव्र आहेत की मऊ?
> २. सगळ्यात जास्त जागा कुठल्या रंगाने व्यापली आहे आणि त्याला छेद देणारा रंग कुठे आहे?
> ३. नजर कुठून आत शिरते आणि कुठे अडते?
> ४. फोटोत रिकामी जागा कुठे आहे आणि तिच्या तुलनेत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केवढी आहे?
> जे दिसत नाही त्याला "दिसत नाही" म्हण. भावनेचा एकही शब्द वापरू नकोस.

शेवटचं वाक्य विचित्र वाटेल, मूड हवाय आणि भावनेलाच बंदी. पण ती बंदी नसेल तर पहिल्याच उत्तरात "गूढ", "रमणीय" घुसतात आणि पुढचं सगळं त्या शब्दांचं समर्थन होऊन बसतं.

तिसरा प्रश्न माझा लाडका आहे. लँडस्केपमध्ये पायवाट, नदी, कुंपण, किनाऱ्याची रेघ यांतलं काहीतरी नजरेला वाट देत असतं. ती वाट कुठे पोचते किंवा कुठे तुटते, यावर फोटोचा स्वभाव पुष्कळसा ठरतो. माझ्या फोटोत उत्तर आलं: "नजर खालच्या कडेतून पायवाटेने आत जाते, उंचवट्याशी पायवाट संपते, तिथून घरापर्यंतच्या बर्फात कुठलीच रेघ नाही." हे मी स्वतः फोटो काढताना पाहिलं नव्हतं. घर जवळ वाटत होतं, पण फोटोत घर आणि पायवाट एकमेकांना कुठेच भेटत नाहीत.

तपासा: चारही उत्तरं फोटो समोर धरून बोट ठेवत वाचा. माझ्या पहिल्या खेपेला चौथ्या उत्तरात "चिमणीतून निघणारा धूर" होता. घराला धुराडं आहे, धूर नाही. बर्फातलं घर आणि धूर ही जोडी इतक्या चित्रांत एकत्र असते की एक दिसलं की मॉडेल दुसरंही भरून टाकतं. हा धूर किरकोळ नाही. धूर आला की आत चूल आली, चूल आली की ऊब आली आणि सगळा मूड "घरकुलाची ऊब" होऊन बसतो. एकही चुकीचा पुरावा दिसला तर तो नाव घेऊन खोडून काढा: "धूर नाही. ते उत्तर पुन्हा दे." मगच पुढे जा.

आणखी एक गोष्ट इथेच पकडा. पहाट आणि संध्याकाळ नुसत्या फोटोवरून बहुधा ओळखता येत नाही. क्षितिजाजवळच्या सूर्याचा रंग दोन्हीकडे सारखाच दिसू शकतो. मॉडेल मात्र बिनदिक्कत एक निवडतं, आणि "नव्या दिवसाची सुरुवात" की "दिवसाचा शेवट" यातच मूड उलटतो. वेळ तुम्हाला माहीत असते, ती सांगून टाका. वेळ सांगणं म्हणजे मूड सुचवणं नव्हे.

## टप्पा ४: मूड मागा, पण दोन

आता त्याच चॅटमध्ये:

> वरच्या चार उत्तरांच्या आधारे या फोटोचे दोन वेगवेगळे मूड सांग, एकमेकांशी न जुळणारे. प्रत्येकी एकच वाक्य. वाक्यात "कारण" हा शब्द असलाच पाहिजे आणि त्यापुढे वरच्या उत्तरांतलीच गोष्ट यायला हवी. शेवटी सांग, दोन्हींपैकी कुठल्या मूडला फोटोत जास्त आधार आहे.

दोन का? एक मागितला तर सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला मूड येतो, लँडस्केपसाठी तो बहुतेक वेळा "शांत". दोन मागितले की पहिल्यात शांत येऊन जातो आणि दुसऱ्यात मॉडेलला जरा शोधावं लागतं. शिवाय त्यांची तुलना करताना पुरावा मोजावा लागतो.

मला मिळालेले दोन असे होते. पहिला: "निवाऱ्याचा दिलासा, कारण सगळ्या थंड निळ्यात एकच उबदार पिवळा ठिपका आहे आणि नजर शेवटी तिथेच थांबते." दुसरा: "उशीर झाल्याची हुरहूर, कारण तो पिवळा ठिपका फार लहान आहे आणि पायवाट त्याच्यापर्यंत पोचत नाही."

दोन्ही फोटोला धरून आहेत. एकाच खिडकीतून दिलासाही निघतो आणि हुरहूरही. मॉडेलने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला, तुटलेल्या पायवाटेमुळे. वहीतली माझी ओळ तिकडेच झुकत होती. पण कौल उलटा गेला असता तरी मी तो मोडला असता, कारण फोटो माझा आहे. मॉडेलने आधार दाखवायचा, निवड आपण करायची.

सावधान: "कारण" नंतर "निसर्ग", "एकांत", "भव्यता" असलं काही आलं तर तो आधार नव्हे, मूडचंच दुसरं नाव आहे. आधार म्हणजे ज्यावर बोट ठेवता येतं ते. असं वाक्य आलं तर टप्पा ३ मधल्या उत्तराचा आकडा विचारा: "हे चारांपैकी कुठल्या उत्तरातून आलं?" आकडा सांगता आला नाही तर वाक्य बाद.

## टप्पा ५: परिच्छेद लिहून घ्या

बहुतेक लोक पहिल्या झटक्यात जे मागतात ते इथे, पाचव्या टप्प्यावर मागायचं.

> दुसरा मूड घेऊन चार वाक्यं लिही. मूडचं नाव कुठेही घेऊ नकोस. फोटोतल्या जास्तीत जास्त तीन गोष्टींचा उल्लेख कर आणि प्रत्येक गोष्ट काहीतरी करताना किंवा काहीतरी न करताना दाखव. रोजच्या बोलण्यातलं मराठी, वाक्यं छोटी.

"तीन गोष्टी" ही मर्यादा यादीचा बंदोबस्त करते. नुसतं "यादी करू नकोस" म्हणून भागत नाही. मग तीच यादी "जिथे", "तर दुसरीकडे", "यांच्या सान्निध्यात" अशा शब्दांनी शिवून येते. काय करू नको हे सांगण्यापेक्षा किती आणि कसं करायचं ते सांगितलेलं जास्त पाळलं जातं.

"काहीतरी करताना किंवा न करताना" हीही गंमत नाही. "पायवाट आहे" ही नोंद झाली. "पायवाट घरापर्यंत येत नाही" यात मूड आहे.

आणि भाषेबद्दल सांगायलाच हवं. मॉडेलचं मराठी पुष्कळदा इंग्रजीतून उतरलेलं असतं: "हे चित्र शांततेची भावना जागृत करते." असं कोण बोलतं? अशी वाक्यं आली की "सोपं कर" म्हणून उपयोग नाही, ती फक्त आखूड होतात. त्याऐवजी वाक्याचा कर्ता बदलायला लावा. "चित्र", "दृश्य", "छायाचित्र" या शब्दांनी एकही वाक्य सुरू होऊ देऊ नका. एवढ्या एका अटीने निम्मं भाषांतर गळून पडतं, कारण मग कर्त्याच्या जागी खिडकी, बर्फ, पायवाट यांना यावं लागतं.

पहिल्या खेपेला मला जे मिळालं त्यातलं चौथं वाक्य होतं: "जणू काळ क्षणभर थबकला आहे." ते काढून टाकलं. काळ बऱ्याच फोटोंखाली थबकलेला असतो. उरलं ते, दोन शब्द मी बदलून:

"निळं आता खालपासून वर चढत चाललंय. खिडकीत कुणीतरी दिवा लावलाय, पण त्याचा उजेड उंबऱ्याबाहेर पडत नाही. पायवाट निघाली तेव्हा घराकडेच निघाली होती, उंचवट्याशी मात्र तिने साथ सोडली."

तीनच गोष्टी आल्या. डोंगर, झाडं, ढग यांचं नावही नाही आणि त्यांची उणीवही जाणवत नाही. "खालपासून वर चढत चाललंय" याबद्दल मी घुटमळलो, कारण फोटोत काहीच चढत नसतं. पण खोऱ्याचा तळ वरच्या भागापेक्षा खरोखर गडद आहे, म्हणून ठेवलं. "उंबरा" मात्र फोटोत दिसत नाही. तो बदलून "भिंतीबाहेर" केला.

## टप्पा ६: दोन चाचण्या, नव्या चॅटमध्ये

जुन्या चॅटमध्ये चाचणी घेऊ नका. तिथे मॉडेलला तुमचा कल कळलेला असतो आणि ते आपल्याच आधीच्या उत्तराची बाजू घेतं.

अदलाबदल. तयार परिच्छेद त्याच प्रवासातल्या दुसऱ्या एखाद्या फोटोखाली ठेवून वाचा. शोभला तर परिच्छेद या फोटोचा नाही, परत टप्पा ४ वर जा. ही चाचणी स्वतःच्या डोळ्यांनी करायची, मॉडेलकडून नाही.

कात्री. मूड ज्या गोष्टीवर उभा आहे ती क्रॉप करून फोटो पुन्हा द्या आणि टप्पा ३ व ४ पुन्हा चालवा. मी घराचा भाग कापला. नुसतं निळं खोरं आणि विझत जाणारी पायवाट उरली आणि दोन्ही मूड बदलले: एक "अंतहीन रिकामेपण", दुसरा "दिशा हरवल्याची बेचैनी". उशीर गेला, कारण उशीर व्हायला पोचायची जागा लागते. म्हणजे आधीचा मूड खरोखर त्या खिडकीतून आला होता. खिडकी कापूनही तेच "हुरहूर" आलं असतं तर मॉडेल फोटो न बघता बर्फ आणि संध्याकाळ एवढ्यावरच बोलतंय असं समजायचं.

वेळ असेल तर मूळ फोटोवर टप्पा ३ आणि ४ तीन वेगळ्या चॅटमध्ये चालवून बघा. तिन्हींत जे आधार पुन्हा पुन्हा येतात ते बहुधा फोटोत आहेत. जे एकदाच येतात, धुरासारखे, ते फोटोवर जाऊन शोधा आणि सापडले नाहीत तर टाका.

## एक चूक जी चांगला परिच्छेद झाल्यावर होते

हा परिच्छेद फोटोखाली छापायला आहे. तोच उचलून ऑल्ट टेक्स्टच्या, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहायच्या ओळीच्या, रकान्यात चिकटवू नका. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला फोटोच दिसत नसतो, त्यामुळे इतका वेळ जी यादी आपण हाकलत होतो तिच्यातलं थोडं त्याला आधी हवं असतं. तिथे पहिलं वाक्य सरळ: "बर्फाळ खोऱ्यात संध्याकाळी एक लहान घर, एका खिडकीत दिवा." मूड त्यानंतर, एका वाक्यात. माझ्या रकान्यात दुसरं वाक्य वहीतलंच गेलं: "घर दिसतंय पण पोचायला अंधार होणार."